तिथीने वेळेवर

माझं बारसं बाराव्या दिवशी झालं आणि मामा तेराव्या दिवशी पोचले. हातात झबलं-टोपडं, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नाही. "बाराव्या दिवशी काय, सगळेच येतात," असं म्हणून त्यांनी पाळण्याला झोका दिला आणि आईला विचारलं, "घुगऱ्या उरल्यात का गो?"

उशीर करणाऱ्या माणसांच्या दोन जाती असतात. पहिली विसरणाऱ्यांची. ती बिचारी जीभ चावतात, कान पकडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा विसरतात. दुसरी जात सगळं लक्षात ठेवून उशीर करणाऱ्यांची. ही वरची जात. मामा तिच्यातले. देवरुखजवळच्या एका खेड्यात त्यांनी तीस वर्षं मास्तरकी केली आणि शाळेची घंटा कधी एक मिनिट चुकवली नाही. घरच्या कामात मात्र त्यांचं घड्याळ बंद आणि पंचांग उघडं असे.

माझा जन्म 2 ऑक्टोबर 1987चा. त्या दिवशी दसराही होता. म्हणजे मला वाढदिवस दोन, तारखेचा आणि तिथीचा. या दोहोंमध्ये जी मोकळी जागा पडते, तिच्यात मामांनी आयुष्यभर बिऱ्हाड केलं.

त्यांचा हिशेब साधा होता. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते. फार अलीकडे आली, की मध्ये एक अधिक महिना येतो आणि तिला पुन्हा पलीकडे ढकलतो. 2004मध्ये दसरा 22 ऑक्टोबरला होता. मामांचं पत्र आलं 15 तारखेला. बाबा म्हणाले, "तेरा दिवस उशीर." मामांनी पुढच्या भेटीत शांतपणे सांगितलं, "तिथीने आठवडाभर आधी आहे, भावोजी. उलट घाईच झाली."

2001 साल म्हणजे मामांची चंगळ. त्या वर्षी आश्विन महिनेच दोन आले, अधिक आणि निज. दसरा गेला 26 ऑक्टोबरवर. चोवीस दिवसांचं मैदान मोकळं असताना मामांचं पत्र आलं 3 नोव्हेंबरला. आता तारीखही गेली होती आणि तिथीही. आम्ही सगळे कारणाची वाट पाहत होतो. मामा म्हणाले, "महिना तोच चालू आहे ना? मग झालं तर."

बाबांना हे सहन होत नसे. ते बँकेतले, त्यामुळे तारखेवर त्यांची निष्ठा. मामांचं पत्र आलं, की ते आधी मजकूर वाचत नसत, शिक्के वाचत. भिंग घेऊन खिडकीशी उभे राहत. पत्राच्या आत मामांच्या हातची तारीख, पत्त्याच्या बाजूला टाकलेल्या ठिकाणचा गोल शिक्का आणि मागच्या बाजूला नाशिकला पोचल्याचा. या तीन तारखा एका ओळीत मांडल्या, की उशीर कुणाच्या पदरात पडला ते कळतं. आतली तारीख 28 सप्टेंबर, पहिला शिक्का 9 ऑक्टोबर, दुसरा 13 ऑक्टोबर. म्हणजे पोस्टाला लागले चार दिवस आणि मामांच्या सदऱ्याच्या खिशाला अकरा. "तुमचा भाऊ पत्र लिहितो वेळेवर," बाबा आईला म्हणत, "पण ते पिकल्याशिवाय टाकत नाही." आई म्हणे, "लिहितो ना? तुमच्याकडचं कोण लिहितं?" यावर बाबा भिंग पुसत.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना 2006 साल आलं.

दर एकोणीस वर्षांनी तारीख आणि तिथी फिरून एकमेकींजवळ येतात. कधी एखाद्या दिवसाचा फरक राहतो, कधी तोही राहत नाही. मला एकोणीस पूर्ण होत होती आणि दसरा नेमका 2 ऑक्टोबरला होता. मामांची मोकळी जागा शून्यावर आली होती. बाबांनी हे कालनिर्णयात जानेवारीतच पाहून ठेवलं होतं आणि दसऱ्याच्या चौकटीभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होता. वर आणखी एक फास होता. 2 ऑक्टोबर गांधी जयंतीची सुट्टी आणि आदल्या दिवशी रविवार. पत्र वेळेवर यायचं तर ते 30 सप्टेंबरच्या शनिवारपर्यंत यायला हवं. "बघू या आता," बाबा म्हणाले. असा आनंद त्यांना माझ्या बारावीच्या निकालाने झाला नव्हता.

पत्र शुक्रवारी आलं, 29 सप्टेंबरला. बाबांनी भिंग लावलं. टाकल्याचा शिक्का 25 सप्टेंबरचा, आतली तारीखही 25 सप्टेंबरचीच. लिहिलं त्याच दिवशी टाकलेलं हे मामांचं बहुधा एकमेव पत्र. बाबा खुर्चीत बसले. मग त्यांनी मजकूर वाचायला घेतला आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला.

पत्रात सगळं होतं. भात निसवलं होतं. पाऊस अजून हटत नव्हता. गाय व्याली होती, पाडा झाला होता. मामींचा गुडघा होता. शेजाऱ्याशी चाललेला बांधाचा तंटा दीड पान होता. कडेकडेने, आडव्या ओळी संपल्यावर उभ्या ओळींत, अडीच रुपयांच्या अंतर्देशीयाचा पैसा न् पैसा वसूल केलेला होता. फक्त वाढदिवसाचा एक शब्द नव्हता. अगदी शेवटी, खालच्या कोपऱ्यात, "तर मुख्य सांगायचे म्हणजे" एवढं लिहून पुढे एक बारीक बाण काढला होता. बाण कागदाच्या कडेपर्यंत जाऊन संपला होता.

"मुख्य सांगायचंच राहिलं," बाबा म्हणाले. "विसरले!" या एका शब्दात त्यांनी मामांना वरच्या जातीतून खाली आणलं. आई काही बोलली नाही. ती दसऱ्याच्या श्रीखंडासाठी चक्का बांधायला आत गेली.

मी एकोणीस वर्षांची होते. त्या वयात टोमणा मारता येतो, पण तो कुठे थांबवावा हे कळत नाही. भाऊबीजेला मामा आले, तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, "काय मामा, यंदा पंचांग हरवलं का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "पत्र पोचलं ना, बाय?"

"पोचलं की. भात निसवल्याचं समजलं."

"पुरतं वाचलंस?"

"गुडघ्यासकट."

मामा "बरं" म्हणाले आणि ओवाळून घ्यायला पाटावर बसले. त्यांच्याकडून कारण आलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. पुढच्या वर्षापासून पत्र बंद झालं. 2 ऑक्टोबरला सकाळी सातच्या ठोक्याला त्यांचा फोन यायचा. आशीर्वाद, तब्येत, ठेवतो. एकदाही चुकला नाही. बाबा जिंकले होते, पण भिंगाला काही काम उरलं नव्हतं. फोनला ना आतली तारीख, ना शिक्का.

पत्रं आमच्याकडे आधी तारेच्या आकड्यात ओवलेली असत. तार भरली, की ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जात आणि डबा माळ्यावर. बाबा गेल्यावर तो माझ्याकडे आला आणि माझ्या माळ्यावर चढला. यंदा घटस्थापनेआधी व्हायची साफसफाई दसऱ्याच्या सकाळपर्यंत लांबली. शेवटी भाची मामांचीच. सरस्वतीच्या पूजेला मांडायला जुनं काही सापडेल म्हणून डबा काढला आणि उघडला, तर आतून दोन-तीन रुपेरी किडे सरसरत पळाले. कसर लागली होती.

एकेक पत्र झटकत गेले. निळं अंतर्देशीय हातात आलं आणि त्याची शेवटची झडप आपोआप उघडली. तिच्या आतल्या अंगावर बारीक अक्षरात तीन ओळी होत्या.

"चि. बायस वाढदिवसाचे अनेक उत्तम आशीर्वाद. यंदा तारीख व तिथी एकच. 1 ला रविवार, 2 ला सुट्टी, म्हणून शुक्रवारपर्यंत पोचेलसे पाहून टाकले आहे. पोचल्याचे कळव."

मी डब्यापाशीच बसले. मग बाबांच्या पद्धतीने तपास केला. कोकणातल्या पावसात अंतर्देशीयाचा गोंद दमटपणाने आधीच चिकटतो. लिहिण्यासाठी ते सोडवावं लागतं आणि सोडवलं, की गोंद कामातून जातो. मग मामा भाताची शितं चिरडून लावत आणि लावताना हात आखडत नसत. त्या वर्षी जागा संपली, म्हणून मुख्य गोष्ट त्यांनी झडपेवर लिहिली, वाचणाऱ्यासाठी बाण काढला आणि मग सवयीने त्याच झडपेला भरपूर शितं लावली. बाबांनी पत्र उघडलं ते बँकेच्या शिस्तीत. झडप न सोडवता वरच्या घडीत पट्टी घातली आणि सर्रकन फाडलं. झडप जिथे चिकटली होती, तिथेच राहिली. बाण बरोबर तिच्याकडे बोट दाखवत होता. आम्ही तिघांनी तो पाहिला आणि त्यावर हसलो.

कसरीला खळ फार आवडते. एकोणीस वर्षं तिने ती शितं सावकाश खाल्ली. "आशीर्वाद"मधली एक वेलांटी आणि "सुट्टी"चा उकारही खाल्ला, पण झडप मोकळी केली. मामांच्या पत्रात आम्ही जी कसर काढली होती, ती शेवटी कसरीनेच भरून काढली.

तारीख पाहिली. 2 ऑक्टोबर 2025, दसरा. पुन्हा एकोणीस वर्षं झाली होती आणि तारीख-तिथी पुन्हा एकाच दिवशी आल्या होत्या. सकाळी सातचा फोन येऊन गेला होता. मी उलटा फोन लावला. मामा आता ऐंशीच्या पुढे, कानाला थोडे कमी. मोठ्याने सांगितलं, "मामा, पत्र पोचलं!"

"कुठलं गो?"

"2006चं! झडपेवरचं!"

पलीकडे शांतता. मागे मामींच्या मिक्सरचा आवाज तेवढा येत होता. मग मामा म्हणाले, "पोचल्याचं कळव म्हणून लिहिलं होतं. एवढा उशीर?"

माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं होतं. भाऊबीजेच्या त्या टोमण्याची, बाबांच्या वतीने, सगळ्यांच्याच वतीने. पण तोंडातून भलतंच निघालं.

"उशीर कसला, मामा? तिथीने वेळेवर आहे."

एकोणीस वर्षांनी मामा खदखदून हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, "शिकलीस हो. आता पुढचं पत्र 2044ला टाकतो." आणि फोन ठेवता ठेवता बजावलं, "पण ह्या खेपेला झडप सोडवून वाच, बाय. मुख्य तिथंच असतं."