नायकाविना पाच वर्षे

अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्कारांत अभिनेत्यांचे प्रमुख, सहायक आणि पाहुणे असे तीन वर्ग असून, त्यांपैकी पाहुणा कोणाला म्हणावे हे २०१५ पासून पक्के ठरलेले आहे: जो हंगामाच्या निम्म्याहून कमी भागांत दिसतो, तो पाहुणा. प्रमुख आणि सहायक यांच्यामधली सीमा मात्र टेलिव्हिजन अकॅडमीने, म्हणजे हे पुरस्कार देणाऱ्या संस्थेने, अशी मोजून आखलेली नाही. प्रवेशिका दाखल करताना आपण कोणत्या वर्गात बसतो हे सर्वसाधारणपणे कलावंत आणि त्याचे निर्मातेच ठरवतात, आणि सुरक्षित मतदारसंघ शोधणाऱ्या उमेदवाराइतकीच दूरदृष्टी ते त्यात दाखवतात.

या दूरदृष्टीचा आदर्श ‘मॉडर्न फॅमिली’ या विनोदी मालिकेने घालून दिला. एकाच गोतावळ्यातील तीन घरांची ही कथा असल्याने तिच्यात कोणी एक नायक नाही, हा युक्तिवाद मुळात खोटा नव्हता. परंतु त्याचे फलित असे झाले की तिचे सहाही प्रौढ कलावंत स्वतःस सहायक म्हणवून घेऊ लागले आणि २०११ साली विनोदी मालिकांतील सहायक अभिनेत्याच्या सहा नामांकनांपैकी चार याच कुटुंबात गेली. त्या वर्षी टाय बरेल आणि ज्युली बोवेन या पडद्यावरच्या पती-पत्नीने सहायकांचे दोन्ही पुरस्कार घरी नेले. २०१० ते २०१४ अशी सलग पाच वर्षे सर्वोत्कृष्ट ठरलेल्या या मालिकेत सगळे एकमेकांना साहाय्य करत होते. ते नेमके कोणाला, हे विचारण्याची तरतूद नियमांत नव्हती.

बढतीची वाटही तितकीच मोकळी आहे. ‘टू अँड अ हाफ मेन’मधील ॲलन हार्परच्या भूमिकेसाठी जॉन क्रायर यांना २००९ साली सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला; पुढे मालिकेचे मुख्य नट चार्ली शीन यांची हकालपट्टी झाली, क्रायर प्रमुख वर्गात दाखल झाले आणि २०१२ साली त्याच भूमिकेसाठी तेथेही विजयी ठरले. भूमिका तीच राहिली. रिकामी झाली ती शेजारची खुर्ची.

अकॅडमीला मोजमाप अगदीच वर्ज्य आहे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २००६ साली ‘मिसेस हॅरिस’ या दूरचित्रवाणीपटात अवघे १४ सेकंद दिसलेल्या एलन बर्स्टिन यांना सहायक अभिनेत्रीचे नामांकन मिळाले, तेव्हा मत देणाऱ्या कलावंतांनी काम पाहिले की नुसते नामवंत नाव वाचले, असा प्रश्न उठला, आणि त्यानंतर लघुमालिका व दूरचित्रवाणीपटांतील सहायकाने एकूण वेळेच्या किमान ५ टक्के तरी दिसावे, असा नियम आला. सहायकाने जास्तीत जास्त किती दिसावे, याचा आकडा मात्र नियमपुस्तिकेत अद्याप अवतरायचा आहे.