आईचा शेवटचा बॅकअप कधी झाला?

घरातल्या ज्येष्ठांच्या मोबाइलबद्दल त्यांच्या मुलांना विचारलं, की एक ठरलेलं उत्तर मिळतं: 'हो, बॅकअप चालू आहे.' या वाक्यातला 'आहे' मला फार संशयास्पद वाटतो. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मुलाने आईच्या व्हॉट्सॲपमध्ये 'दररोज' या पर्यायापुढचा गोल भरला, त्या क्षणापुरतं ते वाक्य खरं होतं. त्यानंतर बॅकअप झाला की नाही, हे ना आईला ठाऊक, ना मुलाला. 'दररोज' हा शब्द सेटिंगच्या पडद्यावर मात्र तसाच आहे, कारण तो आपली इच्छा सांगतो. घडलेली गोष्ट सांगत नाही. घडलेली गोष्ट त्याच पडद्यावर वरच्या बाजूला बारीक अक्षरांत असते: शेवटच्या बॅकअपची तारीख आणि वेळ. माझं म्हणणं एवढंच आहे, की सेटिंगवर विश्वास ठेवू नये. तारखेवर ठेवावा, आणि तोही अर्धाच.

अर्धाच का, ते सांगतो. अँड्रॉइड फोनवर त्या पडद्यावर दोन तारखा असतात. एक 'लोकल' आणि दुसरी गूगल खात्यावरची. लोकल तारीख जवळजवळ नेहमी आजची असते, कारण व्हॉट्सॲप रात्री दोनच्या सुमारास एक प्रत त्याच फोनच्या पोटात ठेवतं. मुलगा ती बघून खूश होतो. पण फोन रिक्षात राहिला, तर ही प्रतही रिक्षातूनच पुढे जाते. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्याचा हा प्रकार. म्हणून बघायची ती दुसरी तारीख, आणि आई-वडिलांच्या फोनवर तीच अनेकदा चार-सहा महिने मागे असते.

ती मागे पडण्याची कारणं तांत्रिक कमी आणि घरगुती जास्त आहेत. पहिलं कारण म्हणजे रात्र. आपोआप होणारा बॅकअप रात्रीच्या शांततेची वाट बघतो, आणि आपली आधीची पिढी नेमकी रात्रीच नेट बंद करते. काही जण तर फोनच बंद करतात, त्यालाही झोप हवी म्हणून. दुसरं कारण वायफाय. बॅकअप फक्त वायफायवर व्हावा, ही मूळ रचना असते. घरात वायफाय नसेल आणि सगळा कारभार रोज दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर चालत असेल, तर मोबाइल डेटावरून बॅकअप घेण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती दिली नाही, तर बिचारा बॅकअप कधीच न येणाऱ्या वायफायची वाट बघत बसतो, आणि बसलाय हे कुणालाही कळत नाही.

पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे फुलं. गूगलच्या फुकट खात्यात 15 जीबी जागा असते. पूर्वी अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप त्या जागेत मोजला जात नसे. 2024पासून तो मोजला जातो. आता एक हिशेब मांडू. समजा बाबांच्या खात्यात फोटोंनी 5 जीबी आणि ईमेलने 1 जीबी जागा घेतली आहे. उरली 9. चॅटमधला मजकूर त्यात काहीच नसतो, वर्षानुवर्षांच्या गप्पा काहीशे एमबीत मावतात. बाकी सगळी गुलाबाची फुलं, दवबिंदू, उगवता सूर्य, गुरुवारचे दत्त आणि शनिवारचे मारुती. चार गटांतून रोज तीस चित्रं आली आणि प्रत्येक दोनशे केबीचं धरलं, तर वर्षाला दोन जीबीहून जास्त फक्त शुभ सकाळ होते. त्यात 'व्हिडिओंसह' हा पर्याय कुणी चालू करून ठेवला असेल, तर कीर्तनं आणि गुडघेदुखीवरचे रामबाण उपाय मिळून उरलेली जागा आणखी लवकर संपवतात. खातं भरलं, की बॅकअप थांबतो. तशी सूचना येते, पण ती इंग्रजीत असते आणि अंगठ्याने बाजूला सारली जाते. यावर जागा विकत घेणं हा एक उपाय. त्याआधी व्हॉट्सॲपच्या 'स्टोरेज आणि डेटा'मध्ये जाऊन वारंवार फॉरवर्ड झालेलं आणि पाच एमबीहून मोठं, असे दोन ढीग तपासावेत. हे दोन्ही ढीग ॲपने स्वतःच वेगळे काढून ठेवलेले असतात. पुसताना मात्र ज्येष्ठांना शेजारी बसवावं. आपल्याला जो कचरा वाटतो, त्यात एखादा नातू बोबडं बोलत असतो.

इथे पहिला आक्षेप येतोच: एवढं जपण्यासारखं त्यात आहे काय? उत्तर त्या नातवातच आहे. शिवाय डॉक्टरांनी पाठवलेला डोस आहे, गावच्या जमिनीच्या कागदाचा फोटो आहे आणि गेलेल्या मावशीचा आवाज आहे. आता हे कुठे आहे म्हणून विचाराल, तर ते त्याच फुलांखाली आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आमच्या खाजगी गोष्टी गूगलकडे कशाला? साधा बॅकअप व्हॉट्सॲपच्या कुलपाबाहेर असतो, हे खरंच आहे. 2021पासून त्यालाही कुलूप लावण्याची सोय आहे, पासवर्डचं किंवा चौसष्ट अंकी किल्लीचं. पण ती किल्ली हरवली, तर व्हॉट्सॲप किंवा गूगल कुणीही काही करू शकत नाही. म्हणून माझं मत असं, की पासवर्ड विम्याच्या फायलीत लिहून ठेवला जाणार असेल आणि घरातल्या दोघांना ती फाइल ठाऊक असेल, तरच कुलूप लावावं. नाहीतर चोराच्या आधी घरधनीच बाहेर राहतो.

आता खरी परीक्षा. तारीख ताजी असली, तरी बॅकअप कुणाच्या खात्यात जातोय हे त्याच पडद्यावर बघा. ते खातं बहुधा मोबाइलच्या दुकानातल्या मुलाने फोन विकताना घाईत उघडलेलं असतं. पासवर्ड त्याला आठवत नाही, आईला कधी सांगितलेला नसतो. नव्या फोनवर चॅट परत आणायला तोच फोन नंबर आणि तेच गूगल खातं लागतं. तेव्हा घरातला एखादा जुना फोन घ्या. आधी आईच्या फोनवर हाताने एक बॅकअप घ्या. मग जुन्या फोनवर ते खातं उघडून दाखवा. निम्मे बॅकअप इथेच नापास होतील. पास झालात तर व्हॉट्सॲप टाका, आईचा नंबर भरा आणि तिच्याकडे ओटीपी मागा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे तुम्हीच तिला पढवलेलं असल्यामुळे ती देणार नाही. तिचं अभिनंदन करून तिच्या हातून भरून घ्या. 'रिस्टोअर' विचारलं, की होय म्हणा. ते घाईत टाळलं, तर या जुन्या फोनचा रिकामा बॅकअप रात्री आईच्या बॅकअपच्या जागी जाऊन बसू शकतो. संदेश आधी येतात, फोटो मागून सावकाश. एक जुना फोटो उघडून बघा, आणि त्या जुन्या फोनवरचा आपोआप बॅकअप लगेच बंद करा.

एवढ्या वेळात आईच्या फोनवरचं व्हॉट्सॲप लॉगआउट झालेलं असतं. ते ॲप काढून न टाकता तोच नंबर पुन्हा भरला, की तिच्या गप्पा जागच्या जागी दिसतात. मधल्या वेळात आलेले निरोप मात्र जुन्या फोनवरच राहतात. म्हणून ही परीक्षा दुपारी, सगळे गट वामकुक्षीत असताना घ्यावी. सकाळी सातला घेतली, तर तिची शुभ सकाळ आज का आली नाही, असं विचारणारे चार फोन तुम्हालाच घ्यावे लागतील.