टाइम टेबलाचं मुंडकं

टोरंटो

ती. दादा व सौ. वहिनीस, सा. न.

अन्याने काल स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली लिहिलं, "आत्या, 16 मेला दोन पेपर एकदम! मर गए!" शिंदे की छावनीचं पोर मराठीत सुरुवात करून हिंदीत मरतं, हे ठीकच. पण फोटोत नुसत्या तारखा होत्या. वेळ असते वरच्या मथळ्यात, आणि मथळाच चिरंजीवांनी कापलेला! मुंडक्यासकट पाठव म्हटलं, तेव्हा उलगडा झाला: दुसऱ्या वर्षाचं गणित सकाळी 7 ते 10, पहिल्या वर्षाचा एटीकेटीचा फिजिक्स दुपारी 3 ते 6. दमछाक होईल, पण टक्कर नाही.

खरी टक्कर 20 तारखेला निघाली, आणि तिचा त्याला पत्ताच नव्हता. एटीकेटीचा दुसरा पेपर आधार पाठ्यक्रमाचा. 'हा पेपर सकाळी 7 ते 10' अशी बारीक टीप पानाच्या तळाशी होती. त्याच वेळी दुसऱ्या वर्षाची केमिस्ट्री! आमच्या ह्यांनी दोन्ही वर्षांचे पेपर तारीख-वेळेच्या क्रमाने एकाच कागदावर उतरवले, म्हणून सापडली. विषयाच्या नावावर जाऊ नका, प्रवेशपत्रावरचा पेपर कोड जुळवा. पहिला पेपर 13चा की 18चा, हेही पुसट फोटोत कळेना. शेजारी बुधवार होता, म्हणून 13.

आता अभ्यासाचे दिवस. 13 ते 16 म्हणजे तीन दिवस, असं अन्याचं गणित. (एटीकेटी गणितात कशी नाही लागली?) मोकळे दोनच, 14 आणि 15. त्यात गणिताची पाच आणि फिजिक्सची पाच युनिटं मावणार नाहीत. म्हणून पहिल्या वर्षाचा फिजिक्स 13च्या आधीच संपवायचा आणि मधले दोन दिवस गणिताला द्यायचे.

अभ्यासक्रमाच्या स्क्रीनशॉटमध्ये केमिस्ट्रीची चारच युनिटं दिसल्यावर स्वारी खूश होती. ह्यांनी वर पाहिलं तर एकूण लेक्चर 60, आणि दिसणाऱ्या युनिटांची बेरीज 48. पाचवं युनिट स्क्रीनच्या खाली राहिलं होतं!

दादा, तू उद्याच त्याच्याबरोबर कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. अर्जावर दोन्ही पेपर कोड लिही, दोन्ही टाइम टेबलांच्या पूर्ण प्रती जोड, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घे. तारीख बदलून देणं त्यांच्या हातात आहे. आपला कागद फक्त टक्कर दाखवू शकतो.

वहिनी, केमिस्ट्रीला 17, 18, 19 मोकळे आहेत. 17 पासून अधिक महिना, म्हणजे लग्नकार्याचं निमित्त नाही. पण जावयाच्या अनारशांसाठी तूप आणायला त्याला बाजारात पिटाळू नका.

तुमची,
सुमा