रजेचं कारण : पोटदुखी

सालेकशाकडच्या आमच्या अकरा माणसांच्या संस्थेत एचआरबाईंनी रजेच्या अर्जाचा नमुना केला. पहिल्या मसुद्यात ‘रजेचे कारण’ याला पाच ओळी, कामाचा ताबा कोणाकडे याला एकही नाही.

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा. गोंड समाजाची माणसं राज्याराज्यांतून गुहेकडे येतात, तर इथली घरी कशी बसतील? पण सुट्ट्यांच्या यादीत यात्रा नाही. म्हणून सात अर्ज आले, सातही पोटदुखीचे. दुखणं पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुरू होणार, हे आठवडाभर आधी कळलेलं! एकाने तर ‘रजेवरील पत्ता’ या रकान्यात प्रामाणिकपणे ‘कचारगड’ लिहिलं.

बाईंनी नमुना पुन्हा केला. किरकोळ रजेला कारणाचा रकानाच गेला. ‘पर्यंत’खाली ‘रुजू होण्याची तारीख’ आली, कारण शनिवारपर्यंत म्हणजे शनिवारी यायचं की सोमवारी, यावर दरवेळी वाद. शिल्लक रजा कार्यालयाने भरायची. आणि ताबा घेणाऱ्याची सही.

साहेबांनी नमुना पाहिला, म्हणाले, “छान. फक्त कारणाला जागा ठेवा.”

स्वतः साहेब त्या पौर्णिमेला ‘क्षेत्रभेटी’वर होते. यात्रेत प्रसादाच्या रांगेत भेटले.