सोबत यादी जोडली आहे

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

बदलीचा हुकूम आला आणि आता घर सोडतो आहे. संग्रामपुरातल्या आपल्या घरातल्या वस्तूंची यादी सोबत जोडली आहे. यादी एका पानाची असली तरी पत्र जरा लांबेल. तुम्ही दर पहिल्या तारखेला भाडं घ्यायला येऊन तासभर बसायचात, त्यामानाने हे काहीच नाही.

करारनाम्याच्या परिशिष्टात एजंटाने लिहिलं होतं, "पंखे ३, ट्यूबलाइट ३, नळ ६, सर्व सुस्थितीत." सगळी भांडणं 'सर्व सुस्थितीत' या दोन शब्दांतच दडून बसतात, म्हणून माझ्या यादीत मी चार रकाने आखले आहेत. पहिल्यात वस्तू, दुसऱ्यात येताना ती कशी होती, तिसऱ्यात आज कशी आहे आणि चौथ्यात ती कशामुळे अशी झाली. खरा रकाना चौथाच.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम १०८ सांगतं, की भाडेकरूने मिळाली तशी वास्तू परत द्यावी, वाजवी झीज मात्र सोडून. आपला कागद लिव्ह अँड लायसन्सचा असल्यामुळे ते कलम आपल्याला थेट लागत नाही. पण असल्या करारात "सामान्य झीज वगळता" हे बहुधा येतंच, आणि आपल्याही करारात ते आहे. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की झीज कुठे संपते आणि मोडतोड कुठे सुरू होते?

याचं उत्तर नळांनी दिलं. आपलं गाव खारपाणपट्ट्यातलं आणि पाणी बोअरचं. बादली वाळली की तळाशी पांढरी रांगोळी उमटते. नळाच्या तोंडाशी तर ती बारमाही असते. त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं, तर बुडबुडे येतात आणि थर सुटतो. हा चुनखडीचा क्षार पाण्याने आणलेला आहे, माझ्या हाताने नाही. सहापैकी तीन नळ मी असे स्वच्छ केले आहेत, येऊन पाहा.

चौथा आणि पाचवा यांचं दुखणं खोल आहे. या पितळी नळांवरची चकाकी गेली आहे आणि आतून तांबूस रंग डोकावतो आहे. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे ठिसूळ, सच्छिद्र तांबं उरतं. ते घासून बरं होत नाही. अशा नळाला पाना लावून जोर केला तर चूक कोणाची हे पाना ठरवतो, म्हणून मी लावलेलाच नाही. या दोघांपुढे मी 'झीज' असं लिहिलं आहे. तुम्ही 'भाडेकरूची हयगय' लिहाल, याची मला कल्पना आहे.

सहावा स्वयंपाकघरातला. त्याची मूठ ताज्या, चकचकीत कडेने तुटली आहे. झिजलेल्या वस्तूची कड अशी नसते. ही मोडतोड आहे, तेव्हा तो बदलण्याचा खर्च अनामत रकमेतून वळता करा. काटायचे असतील तेवढे काटा, पण दुकानाची पावती मात्र दाखवा.

पंख्यांचं थोडक्यात सांगतो. हॉलमधला हळू फिरतो, पण पाती सरळ आहेत आणि डगमग नाही, म्हणजे कपॅसिटर म्हातारा झाला असावा. पातं वाकलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ट्यूबलाइट तिन्ही लागतात. एक जरा विचार करून लागते, पण तसं तर सरकारी कचेरीतही चालतं.

कूलर माझा होता, तो मी नेतो आहे. मेच्या उन्हात तो होता म्हणून आपली मैत्री टिकली. त्याच्यासाठी खिडकीची जाळी काढली होती, ती पुन्हा बसवली आहे आणि स्टँडच्या स्क्रूंची भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली आहेत. रंग थोडा वेगळा दिसेल. तो जुळवायचा तर आख्खी भिंत रंगवावी लागेल, आणि उन्हाने उडालेला बाकीचा रंग तर माझ्या खाती येणार नाही ना?

महावितरणच्या मीटरचं आजचं वाचन यादीच्या तळाशी लिहिलं आहे. शेजारी मीटरचा तारखेसह फोटो डकवला आहे. नंतरच्या युनिटांशी माझा संबंध नाही. चाव्या दोन कुलपांच्या, प्रत्येकी दोन. गच्चीची तिसरी चावी तुम्हीच ठेवली होती, ती माझ्याकडे शोधू नका.

तेव्हा काका, सामानाचा टेम्पो भरण्याआधी, दिवसा उजेडी या. दिव्याच्या उजेडात क्षार आणि ओरखडा सारखेच दिसतात. आपण दोघं यादी हातात घेऊन खोलीखोलीतून फिरू. जिथे पटणार नाही तिथे चौथ्या रकान्यात तुम्ही तुमचं मत लिहा, माझं खोडू नका. मग दोन्ही प्रतींवर दोघांच्या सह्या करू आणि अनामतीचा हिशेब त्याच बैठकीत मिटवू. चहा मी ठेवतो, गॅसची शेगडी शेवटी बांधणार आहे.

आपला,
भाडेकरू