टीव्ही १९७० सालात

ढोकीतल्या एका निवृत्त गुरुजींचा नवा स्मार्ट टीव्ही वीज जाऊन आल्यापासून अडून बसला. वायफाय जोडलेलं, पण यूट्यूब उघडेना. शेजारच्या इंजिनिअर पोरानं मोबाइलमधून मान वर न काढता निकाल दिला, "फॅक्टरी रिसेट मारा की, गुरुजी." म्हणजे सगळे पासवर्ड पुन्हा पहिल्यापासून.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि सेटिंग्ज एकेक ओळ करत वाचायला घेतल्या. (हे पाप त्या पोरानं कधीच केलं नव्हतं.) 'तारीख आणि वेळ'पाशी चोर सापडला: टीव्ही १ जानेवारी १९७० मध्ये बसला होता. सुरक्षित जोडणीसाठी येणाऱ्या प्रमाणपत्राला मुदत असते. घड्याळ इतकं मागं गेलं, की ती मुदत टीव्हीच्या लेखी अजून सुरूच झालेली नसते, म्हणून तो जोडणी नाकारतो. गुरुजींनी स्वयंचलित वेळ बंद केली, टाइम झोन भारताचा आहे ना ते पाहिलं, तारीख-वेळ हातानं भरली आणि टीव्ही बंद करून चालू केला. यूट्यूब उघडलं. मग स्वयंचलित वेळ परत चालू.

"आता काय बघणार?" पोरानं विचारलं.

"बातम्या. पुढाऱ्यांची आश्वासनं ऐकायला १९७० पण चाललं असतं म्हणा."