सविनय गंगावन

तक्रार करण्याचा माझा पिंड नाही, निवेदन करण्याचा आहे. जिल्हा परिषदेच्या आवक-जावक टेबलावर नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाला भिंतीवरची पाल हाकलायची असली, तरी आधी ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ सुचतात. त्यामुळे ऑनलाइन मागवलेल्या दगडी खलबत्त्याऐवजी पाकिटातून गंगावन निघालं, तेव्हा हिने कपाळाला हात लावला आणि मी कागदाला.

गंगावन झकास होतं. काळंभोर, कमरेपर्यंत पोचेल असं. पण गंगावन लावायला मुळात थोडे तरी केस लागतात. हिचा बॉयकट आहे, आणि माझ्या डोक्यावरचा शेवटचा केस नेमका कधी गेला यावर घरात दोन मतं आहेत. तेव्हा ते परत करण्यावाचून इलाज नव्हता. मी लिहिलं :

‘माननीय महोदय, विषय : खलबत्ता प्राप्त न होणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे नमूद करण्यात येते की, आपण तत्परतेने पाठवलेले पार्सल वेळेत व सुस्थितीत प्राप्त झाले, त्याबद्दल प्रथमतः आभार. सोबतची वस्तू उत्तम दर्जाची आहे. तथापि सदर वस्तूने लसूण ठेचला जाण्याची शक्यता अत्यल्प दिसते. तरी योग्य तो विचार व्हावा. कळावे, लोभ असावा.’

सोबत स्क्रीनशॉट जोडला. त्यात खलबत्त्याचं चित्र होतं आणि वर, बॅटरी चार टक्क्यांवर आल्याच्या खुणेशेजारी, हिचा मेसेज लोंबत होता : ‘दळण आणलंत का?’

उत्तर आलं. पार्सल आवडल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. दळणाची माझी कोणतीही ऑर्डर त्यांच्याकडे आढळली नाही, याबद्दल दिलगिरी होती. शेवटी, आम्हाला पाच तारे द्याल का, असं विचारलं होतं. मी दिले. एवढ्या अजिजीने मागितल्यावर नाही कसं म्हणणार?

माझी भाची भिवंडीच्या एका गोदामात, परत आलेल्या मालाच्या टेबलावर काम करते. हिने तिला फोन लावला, स्क्रीनशॉट पाठवला आणि माझं पत्र मोठ्यांदा वाचून दाखवलं. पलीकडून बराच वेळ फक्त हसण्याचा आवाज येत होता.

“मामा,” ती अखेर म्हणाली, “पत्र वाचणाऱ्याला आधी ऑर्डर नंबर लागतो. तो नसेल तर पुढचं कुणी वाचत नाही. आणि हा स्क्रीनशॉट कसला काढलास? हे तर दुकानाचं पान आहे. असा खलबत्ता ते विकतात, एवढंच यातून कळतं. तू तो घेतलास हे कुठे दिसतंय?”

मग तिने मला ॲपमधल्या ‘माझ्या ऑर्डरी’त नेलं. तिथे ऑर्डर उघडली की क्रमांक, तारीख, विक्रेत्याचं नाव, किंमत आणि ‘डिलिव्हर्ड’ हा शिक्का, सगळं एका पानावर असतं. काढायचा तो या पानाचा स्क्रीनशॉट. दुकानाच्या पानावरचं चित्र, वर्णन विक्रेता उद्या बदलू शकतो; त्यावर भिस्त ठेवता येत नाही. पत्ता आणि फोन नंबर झाकायचा, पण क्रमांक आणि तारीख कापायची नाही. (आणि हिचे मेसेज आधी खाली सारायचे. हे भाचीने नाही, हिने सांगितलं.)

“आता पाकीट कुठेय?”

ते मी कचऱ्याच्या डब्यातून काढलं. गंगावनाइतकं जपून ठेवायची वस्तू हे पाकीट होतं, हे मला कुठे ठाऊक! तिने लेबल वाचायला लावलं. नाव माझं, ऑर्डर माझी, वजन 3.2 किलो. खलबत्त्याचं वजन ते. आणि पोऱ्याने तर ते पाकीट फुलपुडीसारखं दोन बोटांत धरून दिलं होतं! आतल्या प्लास्टिकच्या पिशवीवर मात्र बारकोडचं वेगळंच स्टिकर होतं, त्यावर छोट्या अक्षरांत ‘हेअर’ असं काहीतरी.

“म्हणजे कुरिअरवाल्याची चूक नाही,” ती म्हणाली. “बाहेरच्या लेबलावर दुसऱ्याचं नाव असतं, तर पार्सल चुकीच्या घरी आलं म्हणायचं. इथे लेबल तुझं आणि माल दुसऱ्याचा. पॅकिंगच्या टेबलावर दोन लेबलं शेजारी पडली आणि अदलाबदल झाली. तुझा खलबत्ता बहुधा कुण्या बाईच्या घरी गेलाय.”

त्या बाईंचं मला फार वाईट वाटलं. लग्नघरच असणार. त्यांना सावध करणारं एक वाक्य मी पत्रात घातलं, ‘सदर भगिनीने पार्सल घाईने केसांत माळू नये’ असं. भाचीने ते खोडलं. मग ‘कळावे’ गेलं, ‘तथापि’ गेलं, गंगावनाच्या दर्जाचं कौतुक गेलं. माझ्या डोळ्यांदेखत माझी सगळी नोकरी खोडली जात होती. उरलं ते असं :

‘नमस्कार. ऑर्डर क्रमांक अमुक, तारीख अमुक. मागवला : दगडी खलबत्ता, 6 इंची. मिळालं : गंगावन. पाकिटावरच्या लेबलात वजन 3.2 किलो आहे, आतल्या पिशवीवरचा बारकोड वेगळा आहे. सोबत ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट, लेबलाचा फोटो आणि वस्तू व बारकोड एकत्र दिसतील असा फोटो. वस्तू वापरलेली नाही. कृपया खलबत्ता पाठवावा, किंवा पैसे परत करावेत. तक्रारीचा क्रमांक कळवावा. आपला.’

“नमस्कार आणि कृपया राहू दिलंय,” ती म्हणाली, “तेवढी नम्रता पुरते.”

तक्रार क्रमांक मागायचं कारणही तिने सांगितलं. 2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तेवढ्यावर भागलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर. तिथे हाच क्रमांक आणि हेच फोटो कामाला येतात. पोच म्हटल्यावर माझा ऊर भरून आला. आवक-जावकची आपली माणसं तिथेही आहेत तर!

पोच आली, परतीची विनंतीही मंजूर झाली. आणि मग नेमकं ते घडलं, ज्याचा या पत्रव्यवहारात कुणीच विचार केला नव्हता. पार्सल न्यायला आलेल्या मुलाने मोबाइल पुढे धरला. त्याच्या स्क्रीनवर खलबत्त्याचं चित्र होतं, आणि दारात मी गंगावन घेऊन उभा.

“काका, हे नाही. खलबत्ता द्या.”

“खलबत्ता आला असता तर तुला बोलावलं असतं का रे?”

“पण ॲपमध्ये खलबत्ताच परत घ्यायचाय. चित्राशी जुळलं नाही तर घेता येत नाही.”

युक्तिवाद बिनतोड होता. जी वस्तू मिळाली नाही तीच मी परत करावी, अशी संगणकाची रास्त अपेक्षा होती. मुलगा ‘वस्तू जुळत नाही’ असा शेरा मारून निघून गेला. हा शेरा कागदोपत्री मलाच लबाड ठरवणारा होता, म्हणून भाचीने लगेच त्याच तक्रार क्रमांकाखाली आणखी दोन ओळी लिहायला लावल्या : ‘पिकअप नाकारला गेला, कारण पडताळणी मागवलेल्या वस्तूच्या चित्राशी झाली. परतीचं कारण “चुकीची वस्तू मिळाली” असं नोंदवून, जोडलेल्या फोटोतल्या वस्तूशी पडताळणी करावी.’ मी परतीचं कारण निवडताना ‘वस्तू आता नको आहे’ यावर बोट ठेवलं होतं. ‘तुम्ही चुकलात’ असं तोंडावर कसं सांगायचं, या संकोचापायी.

दुसऱ्यांदा तोच मुलगा आला. या वेळी त्याच्या मोबाइलवर गंगावनाचा फोटो होता, मीच काढलेला, मागे आमचा गॅस सिलिंडर. त्याने बारकोड जुळवला, पिशवी उलटीपालटी करून पाहिली आणि स्क्रीनवरचा पुढचा प्रश्न वाचला, “वस्तू वापरली आहे का?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याने मान वर केली, क्षणभर माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि स्वतःच ‘नाही’वर टिचकी मारली.